अठरा ओळी गोठलेल्या, खिडकी पंधराची

सहकारी पतसंस्था, छोटे कारखाने आणि शाळांची कार्यालयं यांच्या एक्सेल फायली लावून देणं हे माझं काम. मार्चअखेर जवळ आली की फोन सुरू होतात आणि त्यातल्या बऱ्याच फोनांवर वाक्य एकच असतं: "ताई, फाइल अडकली." फाइल अडकण्याची कारणं अनेक असतात. फाइल शाबूत, आकडे शाबूत, संगणकही धडधाकट आणि तरी माणसाला पंधराव्या ओळीच्या खाली जाता येत नाही, असा प्रकार मात्र एकच. त्याचं मूळ 'फ्रीझ पेन्स'मध्ये असतं. एक्सेल रोज वापरणाऱ्या माणसांनाही त्याचा पत्ता लागत नाही, म्हणून हे किस्से.

पहिला किस्सा एका पतसंस्थेचा. मुख्य कार्यालयातल्या लेखापालांनी थकबाकीदारांची यादी तयार केली. पहिल्या ओळीत संस्थेचं नाव, दुसरीत शाखा, तिसरीत तारीख, चौथी मोकळी, पाचवीत रकान्यांची शीर्षकं आणि सहावीपासून सभासद. यादी हजाराच्या पुढं गेलेली. साहेब म्हणाले, "हेडिंग फ्रीझ करून पाठवा, शाखेतल्या पोरांना खाली गेल्यावर कळत नाही कुठला रकाना कशाचा." लेखापालांनी View मध्ये जाऊन Freeze Panes दाबलं, एक रेषा उमटली, खाली सरकवून पाहिलं तर यादी हलत होती. फाइल जतन केली आणि सगळ्या शाखांना पाठवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी एका शाखेतून वसुली पाहणाऱ्या मुलीचा फोन आला.

"ताई, फाइल हँग झालीय. खाली जातच नाही. माउसचं चाक फिरवतेय, बाण दाबतेय, काही होत नाही."

"बाण दाबत राहा. आणि डावीकडं वर, फॉर्म्युल्याच्या पट्टीच्या शेजारी छोटा चौकोन आहे ना, त्यात काय दिसतंय ते वाचून दाखव."

"A19… A20… A21. बदलतंय की!"

"मग हँग नाही झालेली. तू खाली चालली आहेस, तुला दिसत नाहीये एवढंच."

हा छोटा चौकोन म्हणजे नेम बॉक्स, आणि या दुखण्याची सगळ्यात खात्रीची तपासणी तोच करून देतो. चौकोनातला पत्ता बदलतोय आणि पडदा जागच्या जागी आहे, तर फ्रीझ जास्त झालंय. याच्या बरोबर उलट दुखणं स्क्रोल लॉकचं. तिथं बाण दाबला की सगळा तक्ता सरकतो, पण चौकोनातला पत्ता तोच राहतो. फोनवर दोन्ही तक्रारी 'बाण चालत नाही' अशाच शब्दांत येतात, त्यामुळं तो पत्ता वाचून घेतल्याशिवाय मी पुढं काहीच सांगत नाही.

आता त्या शाखेत झालं काय होतं ते सविस्तर सांगते. फ्रीझ पेन्सचा नियम असा की ज्या खान्यावर कर्सर आहे, त्याच्या वरच्या ओळी आणि डावीकडचे रकाने गोठतात. शीर्षकं आणि नावं गोठवायची तर कर्सर C6 वर हवा होता, म्हणजे वरच्या पाच ओळी आणि अनुक्रमांक व नाव हे दोन रकाने जागेवर राहिले असते. लेखापालांचा कर्सर होता A1 वर. A1 च्या वर ओळ नाही आणि डावीकडं रकाना नाही. अशा वेळी एक्सेल नकार देत नाही की काही विचारत नाही, ते खिडकीच्या मध्यावर रेषा मारतं. उभी एक, आडवी एक. मध्य कुठला, तर ज्या पडद्यावर आज्ञा दिली त्या पडद्याचा.

लेखापालांचा मॉनिटर १९२० बाय १०८० पिक्सेलचा. नेहमीची ओळ, म्हणजे कॅलिब्री ११ अक्षराची, १५ पॉइंट उंच असते आणि पडद्यावर २० पिक्सेल घेते. वरचा रिबन, खालच्या पट्ट्या वजा केल्या तर त्यांना सदतीस-अडतीस ओळी दिसत होत्या. मध्यावर रेषा पडली ती अठराव्या ओळीखाली. डावीकडचे नऊ रकाने गोठले. उरलेल्या अर्ध्या पडद्यात यादी व्यवस्थित सरकत होती, त्यामुळं त्यांना संशय यायचं कारणच नव्हतं.

शाखेतला लॅपटॉप १३६६ बाय ७६८ चा, आणि अक्षरं बारीक दिसतात म्हणून कोणीतरी विंडोजमध्ये सगळं १२५ टक्के मोठं करून ठेवलेलं. तिथं तीच ओळ २५ पिक्सेल घेते. रिबनही मोठा, टास्कबारही मोठा. ओळींसाठी उरलेल्या जागेत जेमतेम पंधरा ओळी मावतात. गोठलेल्या अठरा. म्हणजे सरकणाऱ्या भागाला जागा शून्य. इतकंच नाही, सोळा, सतरा, अठरा या ओळी गोठलेल्या भागातल्याच असूनही दिसत नव्हत्या, कारण गोठलेला भाग स्वतः सरकतच नाही. आडवं पाहिलं तर नऊ रकान्यांनी बहुतेक सगळी रुंदी व्यापली होती, उजवीकडं एखाद्या रकान्याची फट तेवढी उरली होती. मुलगी चाक फिरवत होती तेव्हा यादी खरोखरच सरकत होती, पण खिडकीच्या तळाच्या खाली, कुणालाही न दिसता.

हे का होतं याचं उत्तर फाइलीच्या पोटात मिळतं. xlsx फाइल ही खरं तर एक झिप असते. ती उघडून त्या पानाची नोंद पाहिली तर तिथं ही एक ओळ होती:

```
<pane xSplit="9" ySplit="18" topLeftCell="J19"
      activePane="bottomRight" state="frozen"/>
```

`ySplit="18"` म्हणजे अठरा ओळी, `xSplit="9"` म्हणजे नऊ रकाने. इथं उंची नाही, पिक्सेल नाहीत, पडदा किती मोठा होता याची नोंद नाही. फ्रीझ साठवलं जातं ते ओळींच्या संख्येत आणि खिडकी मोजली जाते पिक्सेलमध्ये. फाइल एका पडद्यावरून दुसऱ्यावर गेली की संख्या तीच राहते आणि जागा बदलते. एक्सेल ती संख्या निमूट पाळतं. खिडकीत मावत नाही असा इशाराही देत नाही. माझ्या मते हा एक्सेलमधला खरा दोष आहे. इतक्या किरकोळ बाबतींत डोळ्यांसमोर सूचना आणणाऱ्या या प्रोग्रॅमनं, सरकायला एकही ओळ उरलेली नाही हे तरी सांगायला हवं.

फोनवर सोडवणूक सोपी होती. "एकेक बटण सुटं दाब. आधी Alt, मग W, मग F, मग पुन्हा F." फ्रीझ असलेल्या पानावर याच बटणांनी ते निघतं. रेषा गेली, यादी मोकळी झाली. मग Ctrl आणि Home दाबून A1 वर जायला सांगितलं, तिथून C6 वर क्लिक, आणि पुन्हा तीच चार बटणं. पाच ओळी गोठल्या, खाली नऊ-दहा ओळी सरकायला राहिल्या. कधी कधी असं होतं की फाइल दुसऱ्याची असते आणि फ्रीझला हात लावायचा नसतो. तेव्हा Ctrl धरून माउसचं चाक मागं फिरवायचं. झूम ६० टक्क्यांवर आला की ओळी लहान होतात आणि गोठलेल्या भागाखाली जागा निघते. तेवढ्यापुरतं काम भागतं, पण बारीक अक्षरांत दिवसभर डोळे ताणणं हा काही उपाय नव्हे.

पूर्ण अडकलेली फाइल तरी लवकर ओळखू येते, माणूस लगेच फोन करतो. अर्धवट अडकलेली जास्त त्रास देते. एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये साठ्याची फाइल होती, वर अठरा-एकोणीस ओळी गोठलेल्या आणि खाली तीन-चारच सरकणाऱ्या. स्टोअरकीपर काका महिनोन् महिने त्या फटीतून यादी पाहत होते. त्यांची तक्रार होती की पेज डाउनचं बटण बिघडलंय, दाबलं की पान जायच्या ऐवजी तीन ओळीच खाली जातं. त्यांनी कीबोर्ड बदलून घेतला. नवा कीबोर्डही तसाच. बटणाची काहीच चूक नव्हती. पेज डाउन एका पडद्याएवढं सरकतं, आणि फ्रीझ असताना पडदा म्हणजे फक्त सरकणारा भाग. तो तीन ओळींचा असेल तर उडीही तीन ओळींचीच. काकांना पाच ओळींचं फ्रीझ करून दिलं तेव्हा ते म्हणाले, "अहो, मला वाटलं एक्सेल हे असंच असतं." माणसं सवयीनं काय काय सोसतात याचं मला त्या दिवशी फार वाईट वाटलं.

दुसऱ्या प्रकारात ओळी अडकत नाहीत, गायब होतात. एका शाळेच्या कार्यालयात निकालपत्रकाच्या पहिल्या चार ओळी नाहीशा झाल्या. वरती पाचव्या क्रमांकापासून सुरुवात. क्लार्कबाईंनी सगळं पान निवडून Unhide केलं, फिल्टर काढले, काही फरक नाही. मुख्याध्यापकांना वाटलं कोणीतरी शाळेचं नावच खोडलं. खोडलं कोणीच नव्हतं. फ्रीझ करताना पान चार ओळी वर सरकलेलं होतं, म्हणजे खिडकीत सगळ्यात वर पाचवी ओळ होती. एक्सेल गोठवतं ते खिडकीत त्या क्षणी दिसणाऱ्या पहिल्या ओळीपासून. त्याच्या वरच्या ओळी गोठलेल्या भागातही येत नाहीत आणि सरकणाऱ्या भागातही नाहीत, मग त्यांच्यापर्यंत पोचायला वाटच उरत नाही. नेम बॉक्समध्ये A1 लिहून एंटर मारलं तर कर्सर तिथं जातो, पण ती ओळ दिसत नाही. Freeze Top Row या आज्ञेचंही तेच. नाव 'टॉप रो' असलं तरी ती पहिल्या क्रमांकाची ओळ असेलच असं नाही, त्या वेळी वर दिसणारी ओळ गोठते. उपाय म्हणजे आधी फ्रीझ काढायचं, Ctrl आणि Home नं अगदी वर जायचं, आणि मगच नव्यानं करायचं. गूगल शीट्समध्ये हा घोळ होत नाही, कारण तिथं गोठणं नेहमी पहिल्या ओळीपासूनच मोजलं जातं. लहान खिडकीचा त्रास मात्र तिथंही आहे, आणि मोबाइलवर तर तो हटकून जाणवतो.

आता 'स्प्लिट'. फ्रीझच्या शेजारीच त्याचं बटण असतं, रेषाही तशीच दिसते, म्हणून लोक दोन्ही एकच समजतात. पण सरकण्याच्या बाबतीत दोघांचे स्वभाव अगदी वेगळे. फ्रीझमध्ये एक भाग थिजलेला आणि एकच सरकणारा. स्प्लिटमध्ये सगळेच भाग सरकतात. आडवी रेषा मारली की वरच्या आणि खालच्या भागाला स्वतंत्र उभ्या पट्ट्या मिळतात. वर जानेवारी ठेवून खाली मार्च पाहता येतो. डावीउजवीकडं मात्र दोन्ही भाग बरोबरच सरकतात, म्हणून वरचा रकाना खालच्या रकान्याशी जुळलेला राहतो. लेखापरीक्षकांना हे फार उपयोगी पडतं. दूरच्या दोन नोंदी एकाखाली एक ठेवून ताडून पाहायच्या तर याच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही.

धोकाही याच मोकळेपणात आहे. एका संस्थेत लेखापरीक्षक असंच स्प्लिट करून तपासणी करून गेले आणि फाइल तशीच जतन झाली. दुसऱ्या दिवशी नव्यानं लागलेल्या ऑपरेटरनं फाइल उघडली तर वरच्या भागातही सभासद एक ते बारा आणि खालच्या भागातही एक ते बारा. त्याला वाटलं नोंदी दोनदा पडल्या. प्रामाणिक मुलगा, कामाला तत्पर, त्यानं खालच्या 'डबल' ओळी निवडून उडवल्या. वरच्याही त्याच क्षणी उडाल्या, कारण त्या त्याच ओळी होत्या, दोन खिडक्यांतून दिसणाऱ्या. तो घाबरून बाहेर आला तेव्हा फाइल अजून उघडी होती, म्हणून Ctrl आणि Z नं सगळं परत आलं. फाइल जतन करून बंद केली असती तर रात्रीच्या बॅकअपवर हात टाकावा लागला असता.

तेव्हापासून मी सगळ्यांना डावीकडचे ओळक्रमांक वाचायला शिकवते. तोच क्रमांक दोनदा दिसला तर स्प्लिट आहे. क्रमांक मध्येच उडी मारत असतील, पाचनंतर थेट दोनशे चाळीस, तर बहुधा फ्रीझ आहे. फ्रीझमध्ये क्रमांक कधीच दोनदा येत नाही. रेषेतही फरक असतो. फ्रीझची रेषा केसासारखी बारीक, तिला धरता येत नाही. स्प्लिटची पट्टी जाड असते, माउसनं ओढता येते आणि तिच्यावर दोनदा क्लिक केलं की निघून जाते. लहान पडद्यावर म्हणूनच स्प्लिट फारसं अडवत नाही. पट्टी वर ओढली की खालच्या भागाला जागा मिळाली. फाइलीच्या पोटातही हा फरक दिसतो. स्प्लिटच्या नोंदीत तोच `ySplit` ओळींची संख्या नसून अंतर असतं, पॉइंटच्या विसाव्या भागात मोजलेलं.

आधी स्प्लिट करून मग त्यावर फ्रीझ दाबलं, तर एक्सेल स्प्लिटच्या जागीच गोठवतं, कर्सर कुठंही असो. नंतर फ्रीझ काढलं की खालून जुनं स्प्लिट पुन्हा वर येतं. "ताई, अनफ्रीझ केलं तरी रेघ जात नाही" असा फोन आला की हेच समजायचं आणि Alt, W, S सांगायचं.

या सगळ्याची मुळं फार जुनी आहेत. १९७९ साली ॲपल टू संगणकावर व्हिसिकॅल्क आलं. डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांचं हे काम. पडदा ४० अक्षरं रुंद आणि २४ ओळी उंच, आणि तक्ता मात्र ६३ रकाने आणि २५४ ओळींचा. म्हणजे खिडकी तक्त्याच्या मानानं फारच लहान. म्हणूनच त्यात `/T` ही शीर्षकं गोठवण्याची आणि `/W` ही खिडकी दुभागण्याची, अशा दोन वेगळ्या आज्ञा होत्या. दुभागलेल्या खिडक्या एकत्र सरकाव्यात की वेगवेगळ्या, हेही `/WS` आणि `/WU` लिहून ठरवता येत होतं. एकत्र की स्वतंत्र हा प्रश्न ज्यांनी पहिल्यांदा सोडवला, त्यांनी तो वापरणाऱ्याच्या हाती दिला, याचं मला मोठं अप्रूप वाटतं. आज पडदे कितीतरी पट मोठे झाले, पण शीर्षकांचा फापटपसाराही त्याच मापानं वाढला.

खरं दुखणं तिथंच आहे. आपल्याकडं प्रत्येक तक्त्याच्या डोक्यावर संस्थेचं नाव, नोंदणी क्रमांक, पत्ता, विषय, तारीख, कधी तर बोधचिन्हही. ते सगळं ठसठशीत दिसावं म्हणून ओळी उंच केलेल्या. एक्सेलमध्ये एक ओळ ४०९ पॉइंटपर्यंत उंच होऊ शकते, म्हणजे एकटी ओळच लहान लॅपटॉपची खिडकी भरून टाकू शकते. गोठवायची असते फक्त शीर्षकांची ओळ, पण ती पाचवी-सातवी असल्यामुळं वरचा सगळा थाट तिच्याबरोबर गोठतो. वरच्या ओळी न हरवता मधलीच एक ओळ गोठवायची सोय नाही.

त्या पतसंस्थेची फाइल आम्ही पुढच्या महिन्यात नव्यानं लावली. नाव-पत्ता छापील पानाच्या हेडरमध्ये टाकला, तिथं तो छापताना दिसतो आणि पडद्यावर जागा खात नाही. शीर्षकं दुसऱ्या ओळीत आणली. एकूण रक्कम यादीच्या तळाशी होती आणि साहेबांना ती सतत समोर हवी होती. फ्रीझ फक्त वरून आणि डावीकडून होतं, तळ गोठवता येत नाही. म्हणून बेरीजच उचलून पहिल्या ओळीत ठेवली:

```
=SUBTOTAL(109,F3:F2000)
```

फिल्टर लावला की दिसणाऱ्या ओळींचीच बेरीज होते, त्यामुळं शाखा निवडली की त्या शाखेची थकबाकी वरच दिसते. मग C3 वर कर्सर ठेवून फ्रीझ. दोनच ओळी गोठल्या आणि शाखेतल्या त्या लॅपटॉपवर तेरा ओळी सरकायला मोकळ्या राहिल्या. कागदावर प्रत्येक पानाच्या डोक्यावर शीर्षकं यावीत म्हणून Print Titles मध्ये `$2:$2` वेगळं द्यावं लागलं, कारण फ्रीझचा छपाईशी काहीच संबंध नसतो. पडद्यावर फ्रीझ आहे म्हणून छापतानाही शीर्षकं येतील असं समजून गठ्ठेच्या गठ्ठे छापलेले मी पाहिले आहेत.

जिथं साधी यादी आहे तिथं मी हल्ली फ्रीझ टाळते. यादीत कुठंही क्लिक करून Ctrl आणि T दाबलं की तिचा टेबल होतो. मग कर्सर टेबलात ठेवून खाली गेलं की शीर्षकं आपोआप A, B, C या अक्षरांच्या जागी येऊन बसतात. एकही ओळ गोठत नाही, एक पिक्सेलही खर्च होत नाही, आणि पडदा कितीही लहान असला तरी चालतं. नावाचा रकाना डावीकडं रोखून धरायचा असेल तर मात्र फ्रीझला पर्याय नाही.

तेव्हा फाइल दुसऱ्याला पाठवण्यापूर्वी एवढं करा: एक्सेलची खिडकी ओढून पडद्याच्या अर्ध्याएवढी करा, झूम १२५ वर न्या आणि पेज डाउन दाबा. किमान आठ-दहा ओळी पुढं गेल्या तर पाठवा. दोन-तीनच गेल्या, तर Alt, W, F, F दाबून फ्रीझ काढा आणि योग्य खान्यावर कर्सर ठेवून पुन्हा करा.